‘गुड मॉर्निंग’ आणि त्यानंतरची शांतता: इमिग्रेशन काउंटरवरचे पहिले काही सेकंद

प्रकरणासाठी एक प्रवासी घेऊ. वय 29, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी, आणि हा त्याचा पहिलाच परदेश प्रवास. कंपनीने त्याला एका औद्योगिक प्रदर्शनाला पाठवलं आहे. चार रात्री हॉटेलात, नंतरच्या दोन रात्री त्याच शहरात राहणाऱ्या मावसभावाकडे, सातव्या दिवशी परत. व्हिसा व्यावसायिक भेटीचा, म्हणजे अगदी योग्य. प्रदर्शनाचं नोंदणीपत्र, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट असं सगळं फाइलमध्ये ओळीने लावलेलं. कागदांत शोधूनही खोट सापडणार नाही.

तरीही त्याला काउंटरवरून बाजूच्या खोलीत पाठवण्यात आलं आणि तिथून सुटायला 50 मिनिटं लागली. त्याने काही लपवलं नव्हतं, उद्धटपणा केला नव्हता, उलट तो जरा जास्तच अदबीने वागला. गडबड झाली ती त्याच्या नमस्कारात.

काउंटरवर काय झालं

विमान पहाटे उतरलं. रात्रभर झोप नाही, घड्याळ अजून घरच्याच वेळेवर. रांगेत 35 मिनिटं गेली. समोरच्या अधिकाऱ्याने हाताने खूण केली तेव्हा हा मोबाइलवर मेसेज वाचत होता. तो लगबगीने निघाला आणि चालता चालताच बोलायला लागला. काउंटरपाशी पोहोचेपर्यंत त्याचं अर्धं वाक्य संपलं होतं. पूर्ण वाक्य असं होतं:

“गुड इव्हनिंग सर, हाऊ आर यू सर, फर्स्ट टाइम कमिंग सर, आय हॅव कम फॉर वर्क, सिक्स डेज, माय ब्रदर इज ऑल्सो हिअर.”

एवढं बोलून त्याने पासपोर्ट पुढे केला. तो चामड्याच्या कव्हरमध्ये होता आणि आत बोर्डिंग पास, व्हिसाची छापील प्रत आणि दोन पासपोर्ट साइज फोटो खोचलेले होते. अधिकाऱ्याने पासपोर्ट कव्हरमधून काढला, आतले कागद बाजूला ठेवले, यंत्रावर पासपोर्ट टेकवला आणि पडद्याकडे पाहत राहिला. नमस्काराला उत्तर दिलं नाही. काही सेकंद असेच गेले. प्रवाशाला वाटलं, हा नाराज झाला. म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली: “सर, आय हॅव ऑल डॉक्युमेंट्स सर.” आणि फाइल उघडून काउंटरवर पसरली.

आता अधिकाऱ्याने मान वर केली. “वर्क? व्हॉट काइंड ऑफ वर्क?”

“कंपनी वर्क, सर.”

“अँड यू हॅव अ ब्रदर हिअर?”

“येस सर.”

“यू आर नॉट गोइंग टू वर्क हिअर?”

“येस सर.”

अधिकाऱ्याने पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या अधिकाऱ्याने तेच प्रश्न सावकाश विचारले, प्रदर्शनाचं पत्र पाहिलं आणि प्रवेश दिला.

त्या शांत सेकंदांत पलीकडे काय चाललेलं असतं

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे माहीत नसतं, आणि तिथूनच पुढचं सगळं बिघडतं. अधिकारी गप्प असतो कारण तो वाचत असतो.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. त्यात अक्षरं, आकडे आणि कोनासारख्या खुणा असतात. प्रत्येक ओळीत 44 चिन्हं असतात आणि जगभरच्या पासपोर्ट पुस्तिकांत ही मांडणी सारखीच असते. यंत्र त्या ओळी वाचतं. पासपोर्टमध्ये चिप असेल तर त्यातला फोटो आणि माहितीही पडद्यावर येते. मग व्हिसा, विमानाचा क्रमांक, याआधी आपण त्या देशात येऊन गेलो का, हे तो पाहतो. मधूनच नजर उचलून फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा जुळवतो. हे सगळं होईपर्यंत त्याच्याकडे विचारण्यासारखा प्रश्नच नसतो. आपण या वेळात जे बोलतो ते त्याच्या कानावर पडतं खरं, पण अर्धवट. सगळ्या वाक्यातून एखाददुसरा ठळक शब्द तेवढा उचलला जातो. या प्रकरणात ‘वर्क’ आणि ‘ब्रदर’ हे दोन शब्द उचलले गेले.

म्हणून काउंटरवरच्या नमस्काराचं काम अगदी मर्यादित आहे. मी आलो, मला ऐकू येतं, या भाषेत आपण बोलू शकतो, आणि आता तुम्ही विचारा, इतकंच त्यातून पोहोचायला हवं. त्यासाठी दोन शब्द पुरतात. नमस्कारानंतरची शांतता भरून काढणं हे आपलं काम नाही, ती अधिकाऱ्याची वेळ आहे. नवख्या प्रवाशाचा आत्मविश्वास दिसतो तो या शांततेत. मोठ्या आवाजात किंवा पाठ केलेल्या इंग्रजीत तो दिसत नाही.

त्या एका वाक्यात किती गोष्टी होत्या

‘गुड इव्हनिंग’ची चूक किरकोळ आहे. सकाळी कोणी ‘इव्हनिंग’ म्हटलं म्हणून कुणाला अडवत नाहीत. पण म्हणणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, तो ओशाळतो आणि पुढचं बोलणं घाईचं होतं. लांबच्या प्रवासानंतर वेळेचा अंदाज चुकतोच, तेव्हा रांगेत उभं असताना भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहून ठेवावं. दुपारी 12 पर्यंत मॉर्निंग, त्यानंतर आफ्टरनून, साधारण 6 नंतर इव्हनिंग. खात्री नसेल तर सरळ ‘हॅलो’ म्हणावं. ते कुठल्याही वेळी चालतं आणि कुठल्याही अर्थाने कमी सभ्य नाही. एकच शब्द टाळायचा, तो म्हणजे ‘गुड नाइट’. रात्री 11 ला उतरलात तरी ‘गुड इव्हनिंग’च म्हणायचं, कारण ‘गुड नाइट’ निरोप घेताना म्हणतात.

‘हाऊ आर यू’ म्हणायला हरकत नाही असं पुष्कळांना वाटतं. सभ्यपणाच्या दृष्टीने नाहीच. पण तो प्रश्न आहे, आणि काउंटरवर प्रश्न विचारण्याची बाजू पलीकडची आहे. अधिकाऱ्याने आपणहून विचारलं तर “फाइन, थँक यू” म्हणून थांबावं. आपण सुरुवात करू नये. ‘सर’चंही तसंच. एकदा म्हटलं तर आदर, प्रत्येक अर्ध्या वाक्यानंतर म्हटलं तर घाबरल्याचं लक्षण, आणि त्या ‘सर’च्या गर्दीत मुख्य शब्द ऐकूच येत नाही. समोर बाई आहेत की पुरुष हे काचेतून नीट दिसत नसेल तर ‘ऑफिसर’ हा शब्द बिनधोक आहे. काहीच संबोधन लावलं नाही तरी कोणी वाईट मानत नाही.

खरी अडचण ‘वर्क’ या शब्दाने झाली, आणि ती मराठीतून आली. आपण ‘कामानिमित्त आलोय’ म्हणतो तेव्हा त्यात मीटिंग येते, प्रदर्शन येतं, बँकेचं काम येतं, कुणाला भेटायचं असेल तर तेही येतं. इमिग्रेशनच्या काउंटरवर ‘वर्क’ म्हणजे त्या देशात नोकरी करणं, तिथल्या मालकाकडून पगार घेणं. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. आपल्या नोकरीच्या निमित्ताने, आपल्याच कंपनीच्या पगारावर, चर्चेला किंवा प्रदर्शनाला जाणं याला तिथे ‘बिझनेस’ म्हणतात. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथला बी-1 व्हिसा बैठका, परिषदा, प्रदर्शनं, कराराची बोलणी यांसाठी असतो, आणि त्याच व्हिसावर तिथे नोकरी मात्र करता येत नाही. म्हणजे आपल्या प्रवाशाकडे व्हिसा ‘बिझनेस’चा होता आणि तोंडातून निघालं ‘वर्क’. अधिकाऱ्याच्या पडद्यावर एक गोष्ट आणि कानात दुसरी. तो चौकशी करणारच, ते त्याचं कामच आहे.

‘ब्रदर’ हेही असंच. मावसभाऊ आपल्यासाठी भाऊच असतो. पण इंग्रजीत ‘ब्रदर’ म्हणजे सख्खा भाऊ. मावस, मामे, आते, चुलत ही सगळी भावंडं ‘कझिन’मध्ये येतात. व्हिसाच्या अर्जात सख्खे नातेवाईक त्या देशात आहेत का, या प्रश्नाला याने ‘नाही’ असं बरोबर उत्तर दिलं होतं. आता तो स्वतःच म्हणतो की भाऊ इथे आहे. खोटं दोन्हीकडे नाही, पण जुळत मात्र नाही. आणि भावाबद्दल त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं!

या चारपैकी एकही गोष्ट नमस्कारात असायचं कारण नव्हतं. ‘गुड मॉर्निंग’ म्हणून तो थांबला असता तर ‘वर्क’ किंवा ‘ब्रदर’ हे शब्द विचारणा झाल्यावर, विचार करून, योग्य रूपात आले असते.

‘येस सर’ची गाठ

शेवटच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. “यू आर नॉट गोइंग टू वर्क हिअर?” प्रवाशाच्या मनात मराठी प्रश्न उमटला: ‘इथे नोकरी करणार नाही ना?’ मराठीत याला ‘हो’ म्हणजे ‘बरोबर, नाही करणार’. त्याने तेच उत्तर दिलं, येस. इंग्रजीत मात्र प्रश्न नकारार्थी असला तरी उत्तर गोष्टीला द्यायचं असतं, प्रश्नाला नाही. करणार असाल तर येस, करणार नसाल तर नो. म्हणजे अधिकाऱ्याला ऐकू आलं ते ‘करणार आहे’.

याला सोपा उपाय आहे. प्रश्नात ‘नॉट’ ऐकू आलं की नुसतं येस किंवा नो म्हणायचं नाही, छोटं पूर्ण वाक्य म्हणायचं: “नो, आय विल नॉट वर्क हिअर. आय ॲम हिअर फॉर अ ट्रेड फेअर.” वाक्य पूर्ण असलं की येस-नोची चूक झाली तरी अर्थ चुकत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक सवय आहे. समोरचा बोलत असताना आपण ‘हो, हो’ करतो, ते ‘ऐकतोय’ या अर्थाने. त्याचं इंग्रजीत ‘येस, येस’ होतं आणि प्रश्न संपायच्या आत होकार नोंदला जातो. प्रश्न पूर्ण होऊ द्यावा, एक श्वास घ्यावा, मग बोलावं. नुसती मान हलवणंही टाळावं. काचेमागून आणि पडद्याकडे पाहताना ते दिसत नाही, आणि दिसलं तरी त्याचा अर्थ प्रत्येकाला सारखा लागत नाही.

तोच प्रवासी, तेच काउंटर, पुन्हा एकदा

रांगेत पुढे दोन माणसं उरली की तयारी करायची. मोबाइल बंद किंवा आवाज बंद करून खिशात. बहुतेक ठिकाणी या भागात मोबाइल वापरायला आणि फोटो काढायला मनाई असते, तसे फलक लावलेले असतात. कानातली बटणं काढून ठेवायची, गॉगल आणि टोपी उतरवायची. पासपोर्टचं कव्हर काढून बॅगेत टाकायचं, कारण कव्हरसकट पासपोर्ट यंत्रावर सपाट बसत नाही. आतले सुटे कागद काढायचे. फोटोचं पान उघडून त्यावर अंगठा ठेवायचा. व्हिसा वेगळ्या पानावर असेल तर ते पान कुठलं हे आधीच पाहून ठेवायचं. बाकीची फाइल हाताशी असावी, पण हातात नको.

जमिनीवरच्या रेषेमागे थांबायचं. खूण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, मागचा माणूस ढकलत असला तरी. खूण झाली की नेहमीच्या चालीने जायचं आणि काउंटरपाशी दोन्ही पाय थांबले की मगच बोलायचं. ही बारीक गोष्ट वाटते, पण चालत बोललेलं वाक्य काचेवर आपटून परत येतं. थांबून बोललेलं पोहोचतं. बॅग खांद्यावर किंवा पायाशी ठेवायची, काउंटरवर नाही.

“गुड मॉर्निंग.” अधिकाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून, शेजाऱ्याशी बोलावं इतक्या आवाजात. चेहऱ्यावर हसू आलं तर येऊ द्यावं, मुद्दाम आणू नये. त्याच वेळी उघडा पासपोर्ट अधिकाऱ्याकडे फिरवून पुढे करायचा, म्हणजे अक्षरं त्याला सुलट दिसतील. हात पुढे करून हस्तांदोलनाचा प्रयत्न करायचा नाही.

आणि आता गप्प. हात दिसतील असे सैल ठेवायचे. अधिकारी उत्तर देईल किंवा देणार नाही. पाच सेकंद जातील, कधी वीस. त्या वेळात फाइल उघडायची नाही.

“पर्पज ऑफ युअर व्हिजिट?”

“बिझनेस. अ ट्रेड फेअर.”

“हाऊ लाँग?”

“सिक्स नाइट्स.” इथे परतीची तारीखही सांगता आली तर उत्तम. ती रांगेतच एकदा मनात म्हणून ठेवावी, कारण नेमकी तीच आठवत नाही.

“व्हेअर आर यू स्टेइंग?”

“फोर नाइट्स ॲट अ होटेल, टू नाइट्स विथ माय कझिन.” हॉटेलचं नाव विचारलं तर सांगायचं. पत्ता तोंडपाठ असण्याची गरज नाही, पण तो छापील कागदावर हवा. मोबाइलमध्ये ठेवलेला पत्ता ऐन वेळी मिळत नाही, बॅटरी संपलेली असते किंवा नेटवर्क नसतं.

“फर्स्ट टाइम हिअर?”

“येस, फर्स्ट टाइम.” हे विचारल्यावर सांगण्यात काही कमीपणा नाही. पहिल्यांदा येणं ही संशयाची गोष्ट नाही आणि रिकाम्या पासपोर्टबद्दल माफी मागायची तर अजिबात गरज नाही. आपणहून सांगितलं तर मात्र ते सबब दिल्यासारखं ऐकू येतं.

मग कॅमेऱ्याकडे बघायला सांगतील, बोटं काचेवर ठेवायला सांगतील. जपानमध्ये 2007 पासून येणाऱ्या परदेशी प्रवाशांचे ठसे आणि फोटो घेतात, अमेरिकेत घेतात, आणि युरोपच्या शेंगेन सीमांवर 12 ऑक्टोबर 2025 पासून ही नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे हे आपल्यालाच का विचारलं, असं वाटून घ्यायचं कारण नाही. बोटं कोरडी असतील तर ठसा उमटत नाही आणि पुन्हा पुन्हा ठेवायला सांगतात. घाबरून जोरात दाबलं तर ठसा आणखी बिघडतो. बोटं सपाट आणि स्थिर ठेवली की पुरे.

पासपोर्ट परत हातात आला की “थँक यू”. तिथे संपलं. ‘हॅव अ नाइस डे’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण अधिकाऱ्याची नजर एव्हाना पुढच्या माणसावर गेलेली असते.

या सगळ्यात आपल्या तोंडून मोजून वीस-पंचवीस शब्द गेले. पहिल्या वेळी नुसत्या नमस्काराच्या वाक्यातच जवळजवळ तेवढे होते.

प्रश्न कळला नाही तर

अधिकारी काचेमागे असतो, दिवसभर बोलून त्याचा आवाज बसलेला असतो, आणि त्याचे उच्चार आपल्या ओळखीचे नसतात. प्रश्न न कळणं हा अपवाद नाही, नेहमीचा प्रकार आहे. अंदाजाने ‘येस’ म्हणण्याइतकं महाग दुसरं काही नाही. “सॉरी, कॅन यू रिपीट, प्लीज?” हे वाक्य नमस्काराबरोबर पाठ असावं. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर “स्लोली, प्लीज”. अधिकारी वैतागला असं दिसलं तरी तो पुढच्या वेळी शब्द सोपे करतो. वैतागणं आणि नकार देणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्रजी अजिबात येत नसेल, तर ते लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच आईवडिलांच्या बाबतीत असं होतं. मुलं त्यांच्याकडून लांबलचक इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतात. पहिलं वाक्य झोकात म्हटलं जातं, अधिकाऱ्याला वाटतं यांना इंग्रजी येतं, आणि तो भरभर पुढचा प्रश्न विचारतो. तिथे सगळं अडतं. त्यापेक्षा “हॅलो. आय स्पीक मराठी. लिटल इंग्लिश.” असं म्हणून पासपोर्ट आणि एक छापील चिठ्ठी पुढे करावी. चिठ्ठीवर चारच ओळी असाव्यात: कशासाठी आलो, किती दिवस, कुणाकडे किंवा कुठे राहणार, परतीची तारीख. ज्याच्याकडे राहायचं त्याचं नाव, नातं आणि फोन क्रमांक तिसऱ्या ओळीत. मोठ्या विमानतळांवर दुभाषी फोनवरून मिळवण्याची सोय अनेकदा असते, पण ती वापरायची की नाही हे अधिकारी ठरवतो. आपल्याला भाषा येत नाही हे त्याला पहिल्याच वाक्यात कळलेलं बरं.

एकत्र कुटुंब असेल तर सगळ्यांनी मिळून जायचं आणि एकानेच नमस्कार करायचा, पासपोर्टची चळत ज्याच्या हातात आहे त्याने. पाच जणांनी पाच वेळा ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची गरज नाही. प्रश्न ज्याला विचारला त्याने उत्तर द्यावं, मग ते आजोबा असोत की सात वर्षांचं मूल. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने घाईघाईने दिलं की अधिकारी पुन्हा मुलालाच विचारतो. मित्रांच्या गटाला मात्र एकेकटंच जावं लागतं.

सराव कुठे करायचा

आरशासमोर उभं राहून केलेल्या सरावाचा फारसा उपयोग होत नाही. उपयोगी पडतं ते आपल्या देशातून निघतानाचं काउंटर. पहिल्यांदा जाणारे पुष्कळ जण विसरतात की इमिग्रेशन दोनदा होतं. एकदा निघताना, एकदा पोहोचल्यावर. निघताना अधिकारी आपल्याला समजेल अशा भाषेत बोलतो, पद्धत बरीचशी सारखीच असते, आणि चुकलं तरी सावरून घेता येतं. तेव्हा तिथे मुद्दाम पूर्ण क्रम करून पाहावा. कव्हर काढलेला पासपोर्ट, रेषेमागे थांबणं, पाय थांबल्यावर नमस्कार, मग शांतता. ती शांतता किती लांब वाटते याचा अंदाज तिथे एकदा आला की परदेशातल्या काउंटरवर ती अंगावर येत नाही.

काउंटर सोडताना

आपला प्रवासी 50 मिनिटांनी बाजूच्या खोलीतून बाहेर पडला तेव्हा इतका सुटल्यासारखा झाला होता की पासपोर्ट न उघडताच सामान घ्यायला धावला. सुरळीत सुटलेले प्रवासीही हेच करतात. काउंटरपासून चार पावलं बाजूला होऊन पासपोर्ट उघडावा. शिक्का असेल तर त्यावरची किंवा हाताने लिहिलेली तारीख पाहावी. काही शिक्क्यांवर फक्त प्रवेशाची तारीख असते, काहींवर कुठवर राहायची परवानगी आहे तेही असतं. सगळीकडे आता शिक्का मारत नाहीत. काही ठिकाणी छोटी चिठ्ठी देतात, काही ठिकाणी नोंद फक्त संगणकात किंवा ईमेलवर असते. तेव्हा शिक्का दिसला नाही म्हणून काउंटरवर अडून बसू नये, “नो स्टँप?” एवढं विचारावं. परवानगीची तारीख परतीच्या तारखेच्या आधीची दिसली किंवा नावात गडबड वाटली, तर सामानाकडे न जाता तिथल्या तिथे परत वळावं. रांगेत न घुसता, जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला खूण करून, पुन्हा एकदा “एक्स्क्यूज मी” म्हणून पान दाखवावं आणि त्या तारखेवर बोट ठेवावं. दाराबाहेर गेल्यावर तीच दुरुस्ती करायला शहरातल्या इमिग्रेशन कार्यालयात जावं लागू शकतं.